विंचू की मण्यार? मनगटातलं रक्त सांगतं

पावसाळ्यात नांदेड-लातूरच्या शेतशिवारात विंचूही निघतो आणि मण्यारही. दोघांचंही विष श्वासावर उठू शकतं, आणि दोन्ही रुग्णांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर नव्वदच्या खूप खाली जातो. फरक कळतो तो मनगटाच्या धमनीतून घेतलेल्या मिली-दोन मिली रक्तात, म्हणजे एबीजीत.

आधी हवेचं गणित. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब ७६० नव्हे, ७३०च्या आसपास. त्यातून वाफेचे ४७ वजा करायचे आणि ०.२१ने गुणायचं, की येतात १४३. या १४३ मधून कार्बन डायऑक्साइडचा आकडा ०.८ने भागून वजा केला, की फुप्फुसाच्या पिशव्यांत किती ऑक्सिजन आहे ते कळतं. लातूर बालाघाटच्या पठारावर, आणखी उंच. तिथे सुरुवातच थोडी कमी आकड्यापासून होते!

आता विंचवाचा एक नमुना रिपोर्ट बघा. ऑक्सिजन ४८, कार्बन डायऑक्साइड ३०. पिशव्यांत १०५, रक्तात ४८, तफावत ५७. तरुण माणसात ती १५च्या आत हवी. म्हणजे हवा आत पोचतेय, पण रक्तात उतरत नाही, कारण विषाने हृदय थकून फुप्फुसात पाणी भरलंय. रुग्ण धापा टाकतो, म्हणून कार्बन डायऑक्साइड उलट कमीच. याच विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रुजवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे मराठवाड्यातलेच, जालना जिल्ह्यातले. काम केलं महाडला.

मण्यारीचा रिपोर्ट असा: पीएच ७.१८, कार्बन डायऑक्साइड ७२, ऑक्सिजन ४५. पिशव्यांत ५३, तफावत फक्त ८! फुप्फुसं ठणठणीत आहेत. छातीचे स्नायूच लुळे पडलेत. बायकार्बोनेट २६, जेमतेम वाढलेलं, म्हणजे हे काही तासांतलंच दुखणं. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या आजीचाही कार्बन डायऑक्साइड चढलेला असू शकतो, पण तिचं बायकार्बोनेट ३३-३४ सापडतं आणि पीएच सावरलेला असतो, कारण मूत्रपिंडांना भरपाई करायला वेळ मिळालेला असतो.

खरा धोका पुढे आहे. मण्यारीच्या रुग्णाला नुसता ऑक्सिजनचा मास्क लावला, की ऑक्सिमीटर ९७ दाखवतो आणि नातेवाईक निर्धास्त होतात. आत कार्बन डायऑक्साइड चढतच असतो. त्याला हवा आत-बाहेर करणारी अंबू बॅग किंवा व्हेंटिलेटरच लागतो. मास्क लावल्यावर वरचं गणितही नीट चालत नाही, म्हणून जीव धोक्यात नसेल तर रक्त आधी घ्यावं. उशिरा आलेल्या रुग्णाची लाळ फुप्फुसात गेलेली असेल, तर तफावतही वाढते आणि दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळतात.

साप कुठला हेच माहीत नसेल, तर धमनीत सुई घालण्याआधी साध्या काचेच्या नळीत रक्त २० मिनिटं ठेवून बघतात. गोठलं नाही, तर घोणस किंवा फुरशाचा संशय. मग मनगटाला टोचलेली जागा वाहतच राहू शकते.