डिस्क आहे, मग इन्स्टॉल कशाला?

दुकानातून गेमची डिस्क आणली, प्लेस्टेशन ५ मध्ये घातली, तरी खेळ लगेच सुरू होत नाही. आधी सगळा मजकूर कन्सोलच्या एसएसडीवर उतरतो. कारण वेगाचे आहे. ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला फार तर ४५ एमबीच्या आसपास वाचते, तर एसएसडी ५.५ जीबी, म्हणजे शंभर पटींहून अधिक. गेममध्ये घोडा दौडवताना पुढचा डोंगर, झाडे, गाव त्या क्षणी मेमरीत यावे लागते. डिस्कच्या वेगाने ते जमणारच नाही.

मग वर अपडेट कशासाठी? डिस्क छापून दुकानांत पोहोचायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात सापडलेल्या चुका छापलेल्या डिस्कवर दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून त्या इंटरनेटवरून येतात.

इन्स्टॉल झाल्यावर डिस्कचे काम काय? २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ मध्ये ते स्पष्ट दिसते. प्लेस्टेशन ४ वर त्याच्या दोन डिस्क आल्या. ‘डेटा’ डिस्क इन्स्टॉलपुरतीच लागते, ‘प्ले’ डिस्क मात्र दरवेळी आत हवी. तीच तुमच्या मालकीचा पुरावा. नाहीतर एकाच डिस्कवरून अख्खी सोसायटी गेम उतरवून घेईल!

म्हणून डिस्क जपा. जागेसाठी गेम काढून टाकलात, तर तिच्यावरून पुन्हा इन्स्टॉल करता येतो. अपडेट मात्र नव्याने डाउनलोड करावे लागते. आणि डिस्क विकलीत, तर एसएसडीवरचा गेम उघडणार नाही.