व्याख्यान संपल्यानंतरची दहा मिनिटं

गेस्ट लेक्चर संपलं, आभारप्रदर्शन झालं, की व्यासपीठाजवळ गर्दी होते. 'सर, लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवलीय, प्लीज ॲक्सेप्ट करा.' पाहुणे हसून मान डोलावतात. घरी जाऊन फोन उघडावा तर ढीगभर रिक्वेस्टा, आणि एकाही नावापुढे चेहरा आठवत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना हीच ओळख वाटते, त्याला त्यांचा इलाज नाही. बहुतेकांना दुसरं काही कोणी दाखवलेलंच नसतं.

पण ओळखी वर्गाबाहेर शोधायच्या, हे त्यांचं बरोबरच आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन शहरात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून नोकरीची खबर लागली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात उत्तर आहे: ओळखीतून नोकरी मिळालेल्या साधारण सहा जणांत एकालाच ती नेहमीच्या भेटीतल्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून. कारण साधं आहे. रोज एका कट्ट्यावर बसणाऱ्यांना एकमेकांच्याच बातम्या माहीत असतात. नवी बातमी दुसऱ्या वर्तुळातून येते, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या ताईकडून, पास होऊन गेलेल्या दादाकडून, बाहेरून आलेल्या व्याख्यात्याकडून.

या माणसांना देण्यासारखं पहिल्या वर्षाच्या मुलाकडे काय असतं? ज्ञान नसतंच. वेळ मात्र असतो, आणि क्लबमध्ये तोच खपतो. उदाहरण म्हणून पुण्यातल्या एका कॉलेजची बाहा टीम घेऊ. बाहा म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या, खडबडीत रस्त्यावर पळणाऱ्या एका आसनी गाडीची स्पर्धा. तिच्या ब्रेक टेस्टमध्ये चारही चाकं लॉक व्हावी लागतात, नाहीतर गाडी पुढे जाऊच शकत नाही. समजा, मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाची, सांगलीहून आलेली एक मुलगी या टीममध्ये आहे. डिझाइन तिच्या हाती कोण देणार? ती वर्कशॉपमध्ये पाने देते, झाडलोट करते, आणि ब्रेकमधली हवा काढताना नळीखाली बाटली धरून बसते. पेडल दाबलं की ते स्पंजासारखं आत जातं, हे तिने सिनियरांच्या वैतागातून ऐकलेलं आहे.

त्याच आठवड्यात चाकणच्या एका कारखान्यातले ब्रेक विभागाचे इंजिनिअर व्याख्यानाला येतात. पाहुण्यांना गेटवरून आणायचं, प्रोजेक्टर लावायचा ही कामं कोणालाच नको असतात. ती मागून घेते. गेटपासून सभागृहापर्यंतची ती काही मिनिटं गर्दीत कोणालाच मिळत नाहीत. व्याख्यानानंतर ती विचारते, "सर, आम्ही तीनदा हवा काढली तरी पेडल नरमच आहे. कुठे बघू?" ते उलट विचारतात, "कॅलिपरची ब्लीड निपल वर आहे की खाली?" तिला माहीत नसतं. ती तसं सांगते आणि विषय तिथेच थांबतो.

रात्री वर्कशॉपमध्ये दिसतं, की पुढच्या चाकांचे डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल होऊन बसलेत. निपल खाली गेलीय. हवा वर चढते, त्यामुळे कितीही तेल सोडलं तरी वरचा बुडबुडा बाहेर पडत नाही. कॅलिपर जागेवर लावल्यावर पेडल घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी ती चार ओळींची मेल लिहिते: काल गेटवर भेटलेली मी, तुम्ही हे विचारलंत, आम्हाला हे सापडलं, हा आधीचा आणि नंतरचा फोटो. मेलमध्ये मागणी काहीच नाही.

माझ्या मते खरी ओळख इथे होते. व्याख्यात्याला आपल्या बोलण्याचं पुढे काय झालं हे सहसा कळतच नाही. ते कळवणारा विद्यार्थी लक्षात राहतो. मेलला उत्तर आलं नाही, तर महिन्या-दोन महिन्यांनी नवीन काही घडल्यावर एकदा लिहावं; तेव्हाही शांतता असेल तर सोडून द्यावं. 'गुड मॉर्निंग'चे फॉरवर्ड आणि सणाचे शुभेच्छा-फोटो पाठवू नयेत, त्याने मनुष्य फक्त म्यूट होतो.

सिनियरांचं गणित वेगळं. शेवटच्या वर्षातला दादा प्लेसमेंटच्या धावपळीत असतो, त्याच्याकडून लांबलचक मार्गदर्शनाची अपेक्षा चुकीची. दुसऱ्या वर्षातली ताई जास्त उपयोगी, कारण कोणत्या विषयाचं सबमिशन कुठे अडतं, कोणते सर प्रोजेक्टसाठी मुलं घेतात, हे तिला ताजं ठाऊक असतं. आणि ती आणखी दोन वर्षं कॉलेजात आहे.

सहा क्लबांचे टी-शर्ट गोळा करणाऱ्यांना हे साधत नाही. पहिल्या सत्राच्या परीक्षा आल्या की ते पाच ठिकाणी गैरहजर असतात, आणि 'येतो म्हणाला, आला नाही' ही ख्याती कॉलेजात फार लवकर पसरते. कॉलेज सोडून गेलेल्या सिनियरला नोकरीत कोणाचं नाव सुचवायची वेळ येते, तेव्हा त्याला नेमकं तेच आठवतं.

इंटर्नशिपचं विचाराल, तर कंपन्या साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासूनची मुलं घेतात. पहिल्या वर्षात ती मागून समोरच्याला नकार द्यायला लावू नये. मागायचंच तर छोटं मागावं. त्या इंजिनिअरांना, टीमला एक दिवस कारखाना दाखवाल का, एवढं विचारता येतं. त्यांना होकार देणं सोपं जातं, आणि परवानगीच्या पत्रावर सही घ्यायला विभागप्रमुखांकडे जावं लागतं, म्हणजे त्यांच्याशीही बोलणं होतं.