कोकणकड्यावर f/22 कशाला?

सप्टेंबरात सोनकी फुलली की हरिश्चंद्रगडावर एक फोटो हमखास काढला जातो : पुढ्यात पिवळी फुलं, मागे कोकणकड्याची अर्धगोल भिंत, खाली कोकण. जवळचं आणि लांबचं, दोन्ही रेखीव यावं म्हणून अ‍ॅपर्चर थेट f/22 वर नेलं जातं. घरी फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहिला की पाकळ्यांच्या कडा आणि कातळाच्या भेगा, दोन्ही मऊ पडलेल्या दिसतात.

यात लेन्सचा दोष नसतो. १८ मिमीच्या लेन्सवर f/22 म्हणजे जेमतेम ०.८ मिमीचं छिद्र. इतक्या लहान वाटेतून निघालेली प्रकाशलहर सरळ न जाता पसरते. हेच विवर्तन. त्यामुळे एका बिंदूचा प्रकाश सेन्सरवर बिंदू म्हणून न उमटता छोटी चकती म्हणून उमटतो. जॉर्ज एअरी यांनी १८३५मध्ये तिचं गणित मांडलं. हिरव्या प्रकाशासाठी ही चकती f/8 ला सुमारे ११ मायक्रॉनची असते, f/22 ला ३० मायक्रॉनची. एपीएस-सी आकाराच्या २४ मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ४ मायक्रॉनचा. म्हणजे f/22 ला एकेक बिंदू सात पिक्सेलभर पसरतो. लेन्स कितीही महाग असली तरी यातून सुटका नाही.

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवलं तर काचेच्या कडेकडून येणाऱ्या किरणांचे दोष डोकं वर काढतात. म्हणून कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स बहुधा f/8 च्या आसपास सर्वांत रेखीव असते.

पण मग फुलं आणि कडा दोन्ही स्पष्ट कसे येणार? १८ मिमीला, f/8 वर, फोकस दोन मीटरवर ठेवला तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं नेहमीच्या छपाईला पुरेल इतकं स्पष्ट येतं. तीन पावलांवरच्या दगडावर फोकस धरायचा आणि तिथेच पक्का करायचा. शिवाय f/8 ला १/१२५ सेकंद पुरत असेल तर f/22 ला १/१५ लागतो, आणि कड्यावरच्या वाऱ्यात तेवढ्या वेळात सोनकी हलून जाते.

फोटो बिघडला कशाने, हे पाहूनच ओळखता येतं. हात हलला असेल तर रेषा एकाच दिशेला ओढलेल्या दिसतात. फोकस चुकला असेल तर एक अंतर स्पष्ट आणि दुसरं धूसर दिसतं. विवर्तनात मात्र अख्खी चौकट सारखीच मऊ होते; त्यातच f/22 ला सेन्सरवरच्या धुळीचे डाग आकाशात उठून दिसू लागतात.

फूल अर्ध्या मीटरवर असेल तर f/8 पुरत नाही. f/16 ने भागतं, पण थोडा रेखीवपणा जातो. मी तिपाईवर f/8 लाच दोन फोटो घेतो, एक फुलावर फोकस करून आणि एक कड्यावर, आणि नंतर ते जोडतो.