मंगळवारी चार वाजेपर्यंत

गेल्या डिसेंबरात एका बुधवारी रात्री साडेअकरा वाजता मला एका विद्यार्थिनीचं पत्र आलं. मी इथे सुरतेत वाणिज्य शिकवते. वर्गात आमचं बोलणं गुजराती-इंग्रजीची खिचडी असतं, पण हे पत्र मराठीत होतं. मुलगी लिंबायतची, आईवडील मूळचे नंदुरबारकडचे.

"मॅडम, मला खूप अँक्झायटी होतेय. प्रोजेक्ट होणार नाही असं वाटतं. प्लीज थोडा वेळ वाढवून द्या. माफ करा, माफ करा."

प्रोजेक्ट शुक्रवारी जमा करायचा होता. पत्र वाचून वाईट वाटलं, पण करायचं काय ते कळेना. थोडा म्हणजे किती? काम सुरूच झालेलं नाही की शेवटी अडकलंय? खरं सांगते, अशी पत्रं आली की पूर्वी मी दोनच उत्तरं द्यायचे. एक तर "नियम सगळ्यांना सारखा", नाहीतर "बरं, जमेल तेव्हा दे". त्यातलं दुसरं मला मायेचं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी तिला ग्रंथालयात बोलावलं. वीसपैकी तेरा पानं तयार होती! दुकानदारांकडून आणलेली माहिती, तक्ते, सगळं नीट. अडलं होतं ते निष्कर्षापाशी. लॅपटॉप उघडला की हात गार पडायचे, छातीत धडधडायचं, एकच तक्ता चार-चारदा वाचूनही डोक्यात शिरायचा नाही. तीन आठवडे झोप नव्हती. मागच्या वर्षी तोंडी परीक्षेत ती मध्येच गप्प झाली होती आणि वर्ग हसला होता. घरी बोलली नव्हती. "आई म्हणेल, अभ्यास केला असता तर भीती कशाला वाटली असती."

तक्ता डोक्यात शिरत नाही याला कारण आहे. आकडे मनात धरून त्यांची तुलना करायला जी थोडीशी जागा लागते, ती जागा काळजीनं भरलेली असते. तेरा पानं गोळा करताना ते जाणवलं नाही, कारण तिथे फक्त नोंद करायची होती. विचार करायची वेळ आली तिथे गाडी थांबली.

मग मी तिला पंधरा दिवस का नाही दिले? लॅपटॉप मिटला की धडधड थांबते, बरं वाटतं. मन तेवढंच शिकतं, की टाळलं की सुटका. पुढच्या वेळी उघडणं आणखी जड जातं. मोकळी, बिनतारखेची मुदत हीच सवय पक्की करते. "जमेल तेव्हा दे" म्हटलेल्या माझ्या दोन मुलांनी शेवटी काहीच दिलं नव्हतं, ते मला तेव्हा आठवलं.

म्हणून तिला पत्र पुन्हा लिहायला सांगितलं. तिथेच बसून तिनं लिहिलं:

"मॅडम, गेले तीन आठवडे चिंतेमुळे माझी झोप आणि एकाग्रता बिघडली आहे. प्रोजेक्टची तेरा पानं झाली आहेत, ती मी शुक्रवारी ठरल्याप्रमाणे देते. निष्कर्षाच्या भागासाठी मंगळवारी चार वाजेपर्यंत वेळ मिळावा. शनिवारी पहिल्या दोन मुद्द्यांचा कच्चा मसुदा दाखवीन. याबद्दल मी डॉक्टरांना भेटणार आहे."

यात एकही माफी नाही. आजाराचा इतिहास नाही, आणि शिक्षकाला तो लागतही नाही. काय अडलंय, किती झालंय, नेमकं कधीपर्यंत हवंय, एवढं कळलं की हो म्हणणं सोपं जातं. शिवाय हे मुदतीच्या आधी आलं होतं. मुदत टळल्यावर आलेलं पत्र खरं असलं तरी सबबीसारखं वाचलं जातं.

मग तिनं विचारलं, "परीक्षेतही जास्त वेळ मिळेल का?" तिथे मला नाही म्हणावं लागलं. प्रोजेक्टची मुदत माझ्या हातात असते, परीक्षेची नसते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण त्यासाठी आजार गंभीर स्वरूपाचा असावा लागतो आणि वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ वगैरे सवलती त्या वाटेनं आणि परीक्षेच्या बऱ्याच आधी अर्ज करून मिळतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'अँक्झायटी' लिहिलं म्हणून आपोआप मिळत नाहीत. परीक्षेच्या सकाळी पत्र घेऊन येणाऱ्यांची तर फार निराशा होते.

शनिवारचा मसुदा दीड पानांचा होता आणि कच्चाच होता. मंगळवारी पावणेचारला प्रोजेक्ट आला. निष्कर्ष तेरा पानांच्या मानानं फिके होते. गुणही तसेच दिले, सवलत वेळेची होती.

डॉक्टरांचं मात्र लांबत चाललं होतं. घरी कसं सांगायचं, हाच प्रश्न. तिला 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर दिला. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. जानेवारीत ती आईला घेऊन सिव्हिलच्या मानसोपचार विभागात गेली. आईला सांगायला तिनं काय केलं असेल? तेच दुसरं पत्र वाचून दाखवलं. आई म्हणाली, "तीन आठवडे झोपली नाहीस, आणि मी बाजूच्याच खोलीत होते."