इन्सुलिनचं घड्याळ भारतातच राहू द्या

समुद्रपूरहून जामच्या चौरस्त्यावरून नागपूर विमानतळ गाठायचं आणि पुढे न्यू जर्सीला मुलाकडे जायचं, तर पहिला धोका वाटेतच असतो. मे महिन्यात विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो, आणि वापरात असलेलं पेन साधारण ३० अंशांच्या आत ठेवावं लागतं. पण बर्फात ठेवणं हा उपाय नव्हे. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. गार पाण्याच्या थर्मासमध्ये कोरडी पिशवी पुरते, मात्र तपासणीआधी पाणी ओतून टाका. इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बिघडलेलं औषध दिसायला स्वच्छही असू शकतं. विनाकारण साखर चढू लागली की नवं पेन काढा.

आता वेळ. दिवसातून एकदा, रात्री नऊला ग्लार्जिन घेणाऱ्याचं उदाहरण घेऊ. उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा वाजतात. माझं मत, तिथे साडेअकरालाच घ्या. शरीराला चोवीस तासांचं अंतर कळतं, भिंतीवरचं घड्याळ नाही. “पण रात्रीचीच सवय आहे,” असं कुणी म्हणेल. मग डॉक्टरांना विचारून रोज तास-दोन तास पुढे सरकवा. उतरल्याबरोबर रात्री नऊला जादा डोस घेतला तर दोन डोस एकमेकांवर चढतात आणि झोपेत साखर कोसळू शकते. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र ताट समोर आल्यावरच. सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, त्यांनी वेळापत्रक आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. तुमचं इन्सुलिन कोणतं, खाली लिहा.