काजू बी, बिल्टी आणि उलटा कर

मे महिना. सावंतवाडी तालुक्यातल्या एका छोट्या काजू कारखान्याच्या अंगणात बी वाळत पडली आहे. आसपासच्या गावांतले बागायतदार सकाळपासून पोती घेऊन येतात, काट्यावर वजन होते, रोख किंवा बँकेतून पैसे दिले जातात. बागायतदाराकडे जीएसटी क्रमांक नसतो आणि बिलबुकही नसते. कारखानदाराला वाटते, समोरच्याने कर लावलाच नाही, म्हणजे कराचा विषय संपला. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो इथेच सुरू होतो.

नेहमीच्या व्यवहारात विकणारा कर गोळा करतो आणि सरकारजमा करतो. काही ठरावीक खरेदीत ही जबाबदारी उलटून घेणाऱ्यावर येते. व्यापारी बोलीत याला ‘आरसीएम’ म्हणतात, म्हणजेच रिव्हर्स चार्ज. टरफलासकटची काजू बी शेतकऱ्याकडून नोंदणीकृत व्यावसायिकाने घेतली, तर तिच्यावरचा 5 टक्के कर घेणाऱ्याने भरायचा. कापूस, विडीची पाने आणि तंबाखूची पाने याच यादीत आहेत. शेतकऱ्याला नोंदणीच्या फेऱ्यात ओढायचे नाही, पण माल कारखान्यात शिरतो तिथे कराचा माग सुटू द्यायचा नाही, असा हा हिशेब.

मग नोंदणी नसलेल्या कुणाकडूनही काहीही घेतले की आरसीएम लागतो का? अनेक दुकानदार अजून तसेच धरून चालतात, आणि त्याला कारण आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा नियम खरेच तसा होता. दिवसाला 5,000 रुपयांपर्यंतच्या खरेदीला सूट होती, त्यापलीकडे सगळ्यावर कर. चहावाला, सुतार, झेरॉक्सवाला, सगळ्यांचा रोजचा हिशेब लिहिता लिहिता व्यापारी मेटाकुटीला आले. 13 ऑक्टोबर 2017 पासून तो नियम थांबवला गेला, आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून कायद्याचे कलमच बदलले. आता ‘नोंदणी नाही म्हणून कर’ ही तरतूद मुख्यतः बांधकाम विकासकांपुरती उरली आहे. इतरांनी फक्त सरकारने जाहीर केलेल्या वस्तू आणि सेवांची यादी पाहायची.

म्हणून याच कारखानदाराने गावातल्या नोंदणी नसलेल्या माणसाकडून पुठ्ठ्याचे खोके घेतले, तर त्यावर आरसीएम नाही. काजू बीच्या बाबतीतही देणारा स्वतः शेती करणारा असावा लागतो. गावोगाव फिरून बी गोळा करणारा व्यापारी या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे माल कुणाकडून घेतला, हे वहीत स्पष्ट लिहिलेले बरे.

यादीतली दुसरी नोंद जवळजवळ प्रत्येक छोट्या उद्योगाला गाठते. ती आहे मालवाहतुकीची. इथे सगळे अडते एका कागदावर, तो म्हणजे बिल्टी. पाठवणारा आणि घेणारा यांची नावे, मालाचे वर्णन, गाडीचा नंबर, कुठून कुठे जायचे आणि कर कोण भरणार, हे लिहिलेली क्रमांकित पावती देऊन जो मालाची जबाबदारी घेतो, तो कायद्याच्या भाषेत मालवाहतूक एजन्सी. तिच्या भाड्यावर आरसीएमने 5 टक्के कर लागतो. कोपऱ्यावरचा टेम्पोवाला भाडे ठरवतो, माल पोचवतो, पैसे घेतो आणि बिल्टी देत नाही. त्याची सेवा करमुक्त आहे. पूर्वी एका फेरीचे भाडे 1,500 रुपयांपर्यंत असेल तर बिल्टीवरही सूट होती. ती 18 जुलै 2022 पासून गेली, त्यामुळे लहान रकमेची बिल्टीसुद्धा आता हिशेबात धरावी लागते.

यात दोन पोटप्रश्न आहेत. वाहतूकदार नोंदणीकृत असेल आणि त्याने स्वतःच कर भरायचे ठरवले असेल, तर तो बिलात कर लावतो आणि तसे लिहूनही देतो. अशा वेळी आरसीएम पुन्हा भरायचा नाही. दुसरा प्रश्न भाडे कोण देतो याचा. बिल्टीवर ‘टू पे’ असेल आणि भाडे वाशीचा नोंदणीकृत व्यापारी माल उतरवून घेताना देणार असेल, तर कराची जबाबदारी त्याची. कारखानदाराने भाडे आधीच दिले असेल, तर त्याची.

आता समजा, या कारखान्याने मे महिन्यात बागायतदारांकडून 8,00,000 रुपयांची बी घेतली. त्यावर 5 टक्क्यांनी 40,000 रुपये कर झाला. तयार काजूगर मुंबईला पाठवले, ट्रकचे बिल्टीवरचे भाडे 18,000 रुपये, कर 900. गावातल्या टेम्पोला दिलेल्या 6,000 वर काही नाही. खोक्यांच्या 12,000 वरही काही नाही. एकूण आरसीएम 40,900 रुपये.

त्याच महिन्यात काजूगरांची विक्री झाली 2,00,000 रुपयांची, म्हणजे विक्रीवरचा कर 10,000. नवखा कारखानदार इथे फसतो. भरलेल्या आरसीएमचे क्रेडिट त्याच विवरणपत्रात मिळते, हे त्याने ऐकलेले असते. म्हणून तो 40,900 मधून 10,000 वजा करतो आणि ‘उलट आपलेच पैसे सरकारकडे आहेत’ म्हणून काहीच भरत नाही. पण आरसीएमचा कर क्रेडिटने फेडता येत नाही. 40,900 रुपये आधी चलनाने रोख भरावे लागतात. ते भरल्यावरच तेवढे क्रेडिट खात्यात येते, त्यातून विक्रीचे 10,000 वळते होतात आणि 30,900 पुढे राहतात. ऐन हंगामात भांडवल बियांमध्ये अडकलेले असताना हा पैसा उभा करावा लागतो, हीच खरी ओढाताण. उशीर झाला तर वर्षाला 18 टक्के दराने व्याज लागते.

जीएसटीआर-3बी विवरणपत्रात ही खरेदी 3.1(d) या रकान्यात येते आणि क्रेडिट 4(A)(3) मध्ये. क्रेडिटला आधार लागतो तो कागदाचा. बागायतदार बिल देत नाही, म्हणून कारखानदाराने स्वतःच्याच नावे बिल बनवायचे. त्यात बागायतदाराचे नाव, पत्ता, वजन, दर आणि कर लिहायचा. पैसे देताना वेगळे व्हाउचर करायचे. 1 नोव्हेंबर 2024 पासून हे बिल माल मिळाल्यापासून 30 दिवसांत बनवण्याची मुदत घातली आहे. बिल्टी देणारा वाहतूकदार नोंदणीकृत नसेल, तर त्याच्या भाड्यासाठीही असेच बिल लागते.

चूक उघडी पडते ती बहुधा वर्षानंतर. ताळेबंदात ‘वाहतूक खर्च’ मोठा दिसतो आणि 3.1(d) मध्ये शून्य, मग नोटीस येते. तेव्हा कुठले भाडे टेम्पोचे आणि कुठले बिल्टीचे, हे आठवून सांगणे अवघड जाते. म्हणून हिशेबनीस सुरुवातीपासून दोन खाती ठेवतात. एक बिल्टीच्या भाड्याचे, दुसरे स्थानिक टेम्पोचे.

कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकाला हा कर जास्त बोचतो. तोही आरसीएम भरतो, पण त्याला क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे 5 टक्के सरळ खर्चात जातात. आपल्या कारखानदाराचे मात्र तसे होत नाही. मधल्या दोन महिन्यांत काही विक्री-खरेदी झाली नाही असे धरले, आणि गणपतीच्या तोंडावर ऑगस्टमध्ये 7,00,000 रुपयांचे काजूगर गेले, तर कर होतो 35,000. मे महिन्यातले 30,900 त्यातून वजा होतात आणि रोख भरायचे उरतात 4,100.