आठवडाभर बंद नेटचे पैसे कसे मागाल?

ब्रॉडबँड सोमवारी सकाळी बंद पडले आणि पुढच्या रविवारी रात्री सुरू झाले, तर त्या सात दिवसांचे भाडे पुढच्या बिलातून वजा करून मागता येते. पण कंपनी दिवस मोजते ते तक्रार नोंदवल्यापासून. म्हणून पहिल्याच दिवशी तक्रार क्रमांक घ्यावा. फायबर जोडणीच्या राउटरवर ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर सिग्नल घरापर्यंत पोचतच नाही. त्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे ‘तुमचा वायफाय बिघडला असेल’ हे उत्तर टिकत नाही.

पत्रात संताप नको, हिशेब हवा. मासिक भाडे ९०० रुपये असेल तर दिवसाचे ३० रुपये, म्हणजे सात दिवसांचे २१०. त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७ रुपये ८० पैसे धरून एकूण २४७ रुपये ८० पैसे. मागणी अशी लिहावी: ‘तक्रार क्रमांक अमुक. सेवा या तारखेपासून या तारखेपर्यंत पूर्ण बंद होती. २४७.८० रुपये पुढील बिलात वजा करून लेखी कळवावे.’

कधी कधी दुरुस्तीआधीच ‘तक्रार निकाली’ असा संदेश येतो. त्याच दिवशी तक्रार पुन्हा उघडायला लावावी, नाहीतर कंपनीच्या नोंदीत बंद दिवस कमी दिसतात.

नकार आला तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जावे. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. त्यापुढचा मार्ग ग्राहक आयोगाचा.